ॲव्हरेज इथेनॉलने खाल्लं, पण इंजिन लाइट त्याने लावली नाही: एका जुन्या हॅचबॅकची पूर्ण केस

गाडी 2014 ची, 1.2 लीटर पेट्रोल हॅचबॅक, बीएस4, 86 हजार किलोमीटर झालेली. मालक एका हायस्कूलमधले सर, राहायला वाईत आणि शाळा पाचगणीला, त्यामुळे रोज पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. तक्रारी दोन, पण सर त्या एका दमात सांगत होते. ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, सुरू झाल्यापासून ॲव्हरेज पडलंय आणि आता इंजिनची पिवळी लाइट पण लागलीय, म्हणजे इथेनॉलने इंजिन खाल्लं. 2025 चा पावसाळा संपत आला होता, त्या दिवसांत प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच चाललेलं, त्यामुळे सरांचा निकाल गाडी माझ्याकडे यायच्या आधीच लागलेला होता.

आमच्याकडे यायच्या आधी गाडी दुसऱ्या एका गॅरेजला जाऊन आली होती. तिथे कोड वाचला, P0171 निघाला, त्याचा अर्थ मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, लाइट गेली आणि आठवडा व्हायच्या आत घाटात परत लागली. ही गोष्ट मी इतक्या वेळा बघितलीय की आता राग पण येत नाही. ऑक्सिजन सेन्सर एवढंच सांगतो की धुरात ऑक्सिजन उरलाय का नाही. तो "पेट्रोल कमी आहे" म्हणाला म्हणून त्यालाच बदलायचं हा प्रकार म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. जुना सेन्सर सरांनी डिकीत ठेवला होता, बसवून बघितला तर ॲक्सिलेटर झटकन दाबल्यावर 0.8 व्होल्टच्या वर जात होता आणि पाय सोडल्यावर 0.1 च्या खाली येत होता, म्हणजे बिचारा ठणठणीत होता.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवा किती आली याचा हिशोब लावतो आणि त्यावरून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. त्या हिशोबात एक गृहीत धरलेलं असतं की पेट्रोल अमुक प्रकारचं आहे आणि अमुक प्रेशरने येतंय. प्रत्यक्षात मिश्रण बरोबर लागलं का ते ऑक्सिजन सेन्सर सांगतो, आणि जो फरक असेल तेवढी वेळ ईसीयू टक्क्यात वाढवतो किंवा कमी करतो. ही दुरुस्ती म्हणजे फ्युएल ट्रिम. स्कॅनरवर दोन आकडे दिसतात, STFT म्हणजे आत्ता या क्षणी चाललेली दुरुस्ती, ती सारखी वरखाली होत असते, आणि LTFT म्हणजे बऱ्याच दिवसांत शिकून ठेवलेली दुरुस्ती. दोन्हींची बेरीज बघायची. अधिकमध्ये असेल तर पेट्रोल कमी पडतंय म्हणून ईसीयू वाढवतोय, उणेमध्ये असेल तर उलटं.

इथेनॉलचा संबंध इथे येतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला साधारण 14.7 किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त 9 किलो, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो. दहा टक्के मिश्रण असलेल्या पेट्रोलला हा आकडा 14.1 च्या आसपास येतो आणि वीस टक्केवाल्याला 13.5 च्या आसपास. हवा तेवढीच असेल तर ई10 वरून ई20 वर आल्यावर पेट्रोल जास्त सोडावं लागणार, किती जास्त, तर लीटरच्या हिशोबात साधारण चार टक्के. बस, चारच. बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर ट्यून केलेली अगदी जुनी गाडी असेल तर सात-आठ टक्के धरा.

आणि P0171 कधी लागतो, तर कंपनीप्रमाणे थोडं कमीजास्त, पण ट्रिम वीस ते पंचवीस टक्क्यांच्या घरात जाऊन तिथेच टिकून राहिली की. चार कुठे आणि वीस कुठे. म्हणून कुणी म्हणालं की ई20 मुळे लीनचा कोड आला की माझा पहिला प्रश्न असतो, बाकीचे सोळा टक्के कुणाचे?

पुढच्या आठवड्यात लाइट परत लागल्यावर सरांना मी फोनवरच सांगितलं होतं, "सर, कोड कुणाला पुसू देऊ नका, तशीच घेऊन या." याचं कारण फ्रीझ फ्रेम. लाइट लागते त्या क्षणाचे आकडे ईसीयू जपून ठेवतो, आणि कोड पुसला की ते पण जातात. पहिल्या वेळी ते गेलेच होते. या वेळी मिळाले. आरपीएम 3050, वेग 38, इंजिन लोड 74 टक्के, कूलंट 93 डिग्री, LTFT +18, STFT +4. मिळून बावीस. हे आकडे वाचले की डोळ्यासमोर जागा उभी राहते, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घाट चढतेय, इंजिन तापलेलं आहे, पाय बराच दाबलेला आहे. सिग्नलला उभी असताना हा कोड लागलेला नाही, ही अर्धी माहिती तिथेच मिळाली.

मग इंजिन गरम करून एसी बंद ठेवून आकडे घेतले. आयडलला LTFT +7, STFT शून्याच्या आसपास दोन इकडे दोन तिकडे. जागेवरच 2500 आरपीएमला धरून ठेवलं तर +8. म्हणजे निवांत असताना सात-आठ आणि घाटात बावीस. इथे माझ्याकडे एक फायदा होता, ही गाडी 2022 च्या दिवाळीला माझ्याकडेच सर्व्हिसिंगला आली होती आणि मी स्कॅनचे स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवतो. तेव्हा ई10 चा काळ होता, कारण देशभर दहा टक्क्यांचं टार्गेट 2022 च्या जूनमध्ये गाठलं गेलं आणि ई20 पंपांवर यायला लागलं ते 2023 च्या फेब्रुवारीपासून. त्या दिवाळीला याच गाडीची ट्रिम आयडलला आणि 2500 ला दोन्हीकडे +3 होती. तीनवर चार चढले, सात झाले. इथेनॉलचा वाटा हा असा हातात धरून दाखवता आला, असं फार कमी वेळा होतं कारण आधीचे आकडे कुणाकडेच नसतात.

इथेनॉलची खूण हीच, की ते सगळीकडे सारखं वाढवतं. आयडलला चार तर चढावर पण चारच, कारण टाकीत जे आहे ते प्रत्येक थेंबात सारखंच आहे. एखाद्या ठराविक वेळीच ट्रिम उडी मारत असेल तर ते टाकीतल्या रसायनाचं काम नाही, ते गाडीतलं काहीतरी आहे.

तरी टाकीत खरंच ई20 आहे का आणखी काही, हे बघून घेतलं. लाइनमधून पेट्रोल काढलं, काचेच्या 100 मिलीच्या मोजपात्रात 80 मिली पेट्रोल आणि 20 मिली पाणी घातलं, तोंड बंद करून हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर वाढतो. 80 मिलीचे वीस टक्के म्हणजे 16, म्हणजे खालचा थर 36 च्या आसपास यायला हवा. आमचा 35 आणि 36 च्या मध्ये थांबला, पाणी आणि अल्कोहोल मिसळल्यावर थोडं आकसतं, तेवढा फरक धरायचा. हे मोकळ्या हवेत करायचं, जवळ बिडी-काडी नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही. शिवाय पाणी न घालता वेगळा नमुना काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवला होता, सकाळी खाली वेगळा थर नव्हता, म्हणजे टाकीत पाणी साठून इथेनॉल खाली बसलंय अशातला पण प्रकार नव्हता. तसं असतं तर गाडी ट्रिमबिम दाखवत बसलीच नसती, सकाळी चालूच झाली नसती किंवा धक्के मारत चालली असती.

म्हणजे पेट्रोलचा हिशोब जुळला. आता ते चढावरचे उरलेले टक्के.

लीनचा कोड आला की सगळे आधी व्हॅक्यूम लीक शोधतात, इंटेकच्या नळ्यांवर कार्ब क्लीनर मारत बसतात. ते चूक नाही, पण गाडीत हवा कशाने मोजतात ते आधी बघा. ज्या गाडीत एअर फिल्टरनंतर हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे त्याच्यापुढून घुसलेली हवा मोजलीच जात नाही, मग आयडलला ट्रिम जोरात वर जाते आणि आरपीएम वाढवला की खाली येते. ही गाडी तशी नाही, इथे इंजिनला हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजून हवेचा अंदाज करतात. अशा गाडीत नळी फुटली तर प्रेशर वाढलेलं सेन्सरला दिसतंच, ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल पण वाढवतो, त्यामुळे ट्रिमपेक्षा आयडल चढलेलं किंवा हेलकावे खाणारं दिसतं. सरांच्या गाडीचं आयडल साडेसातशेला खिळल्यासारखं होतं. आणि मुख्य म्हणजे लीक कुठल्याही गाडीत असली तरी तिचा त्रास आयडलला जास्त, लोडवर कमी. इथे तर बरोबर उलटं चाललं होतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं असेल आणि बाहेरची हवा सेन्सरपर्यंत जात असेल तर खोटं लीन दिसू शकतं, म्हणून थंड इंजिन चालू करून टिकटिक आवाज येतो का ते ऐकलं, काजळीचे डाग शोधले. काही नाही.

लोडवर ट्रिम वाढते म्हणजे पेट्रोल पुरत नाही. एकतर पंप दमलाय, नाहीतर फिल्टर चोंदलाय, नाहीतर इंजेक्टर. आयडलला इंजिन पितं किती, थेंबभर, तेवढं चोंदलेल्या फिल्टरमधून पण आरामात येतं. घाटात मागणी कित्येक पट होते आणि तिथे पितळ उघडं पडतं.

प्रेशर गेज लावला. या गाडीला 3 बार पाहिजे. आयडलला 3.0, जागेवर रेस करून 2.9, इथपर्यंत कुणीही म्हणेल पंप चांगला आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तपासणी इथेच संपते. आम्ही लांब होजचा गेज घेतला, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून वायपरखाली काचेला बाहेरून बांधला आणि पसरणी घाटात गेलो. गेज केबिनमध्ये घ्यायचा नाही, होज सुटली तर पेट्रोल अंगावर येईल, आणि जोड घट्ट आहेत का ते निघायच्या आधी इंजिन चालू ठेवून बघून घ्यायचं. गाडी माझ्या पोराने चालवली, मी एक डोळा गेजवर आणि एक स्कॅनरवर ठेवून बसलो. सपाटीला 2.9. घाट सुरू झाल्यावर 2.7. मग एक एसटी पुढे आली, तिच्या मागे गाडी दुसऱ्यात पडली, वळणावर पोराने पाय दाबला आणि काटा 2.3 वर आला आणि तिथेच राहिला. स्कॅनरवर त्याच वेळी LTFT +18, STFT तीन ते पाच. चढ संपला, पाय सुटला, काटा परत 3 वर.

आता हा हिशोब बघा, मला तो फार आवडतो कारण शेवटी सगळं जुळतं. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमूळाप्रमाणे कमीजास्त होतं. 3 चं 2.3 झालं म्हणजे प्रेशर 77 टक्के राहिलं, त्याचं वर्गमूळ काढलं तर 88 टक्के, म्हणजे त्याच वेळेत पेट्रोल बारा टक्के कमी. ते भरून काढायला इंजेक्टर चौदा टक्के जास्त वेळ उघडावा लागणार. गाडीची मुळातली +3, त्यावर इथेनॉलची 4, त्यावर प्रेशरची 14. हे गुणाकाराने चढतं, 1.03 गुणिले 1.04 गुणिले 1.14, उत्तर येतं 1.22. बावीस टक्के. फ्रीझ फ्रेममध्ये पण बावीसच होते.

आणि यातलं इथेनॉल काढून टाकलं तर? 1.03 गुणिले 1.14 म्हणजे 1.17, सतरा टक्के. विसाच्या आत. म्हणजे हाच चोंदलेला फिल्टर ई10 च्या काळात असता तर लाइट लागली नसती, अजून काही महिने कुणाला पत्ता लागला नसता. म्हणून सरांचं म्हणणं अगदीच खोटं पण नाही. गाडी आधीच कडेला आली होती, इथेनॉल म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण दुरुस्ती करायची कशाची, तर फिल्टरची.

मागचं सीट उचलून पंपाचं मॉड्यूल बाहेर काढलं. टाकी प्लास्टिकची, त्यामुळे गंज नव्हता. पंपाच्या तोंडाशी जी जाळीची पिशवी असते ती मूळची पांढरी, इथे ती चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झाली होती आणि बोट फिरवलं की बारीक चिकट गाळ बोटाला लागत होता. आतला कागदाचा फिल्टर कापून बघितला, घड्यांच्या तळाशी तोच गाळ दाबून बसलेला. पंप वेगळा चालवून बघितला तर करंट आणि आवाज दोन्ही व्यवस्थित, म्हणून पंप तोच ठेवला. जाळी, फिल्टर आणि मॉड्यूलचं रबर सील नवीन टाकलं, मजुरी धरून चार हजारांच्या आत काम झालं. ऑक्सिजन सेन्सरला सरांचे याच्यापेक्षा जास्त गेले होते.

सरांनी विचारलंच, "मग हा गाळ इथेनॉलनेच केला ना?" याचं सरळ उत्तर असं की गाळ इथेनॉलने तयार केलेला नाही, पण अल्कोहोल जुनी चिकट पुटं सोडवतं हे खरं आहे, आणि दहा-अकरा वर्षं टाकीच्या तळाला बसलेलं काहीतरी सुटून जाळीत आलं असणार. त्याच वेळी हे पण खरं की फिल्टर 86 हजार किलोमीटरमध्ये एकदाही बदललेला नव्हता, आणि सरांना काटा रिझर्व्हला टेकल्याशिवाय पंपावर जायची सवय नाही. माझ्या मते वयाचा दोष मोठा, इथेनॉलने त्याला जरा घाई केली. यापेक्षा नेमकी वाटणी करायला गाळ प्रयोगशाळेत द्यावा लागेल, आणि ती भानगड कुणी करत नाही.

नवीन फिल्टर टाकल्यावर कोड पुसला. कोड पुसल्यावर शिकलेली ट्रिम शून्यावर जाते, त्यामुळे लगेच स्कॅनर लावून "बघा शून्य झाली" म्हणणं म्हणजे फसवणूक आहे, गाडी काही दिवस चालू द्यावी लागते. सर आठ-दहा दिवसांनी आले. आयडलला +6, 2500 ला +7, आणि घाटात परत गेज बांधून गेलो तर प्रेशर 2.9 च्या खाली आलं नाही, ट्रिम +8. खाली-वर सगळीकडे सारखी. मुळातले तीन आणि इथेनॉलचे चार, एवढेच उरले, आणि हे सात काही केल्या जाणार नाहीत, जायची गरज पण नाही. ईसीयूचं कामच आहे ते.

आता ॲव्हरेज. इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ट्रिम +22 आहे म्हणजे गाडी बावीस टक्के जास्त पेट्रोल पिते असं समजतात, तसं अजिबात नाही. प्रेशर कमी होतं म्हणून इंजेक्टर जास्त वेळ उघडला, पण त्यातून पडलेलं पेट्रोल तेवढंच, जेवढं हवेला पाहिजे होतं. त्यामुळे चोंदलेल्या फिल्टरने लाइट लावली पण ॲव्हरेज फारसं पाडलं नाही. इथेनॉलचा भाग वेगळा, तिथे खरोखर जास्त लीटर जळतात, कारण इथेनॉलच्या एका लीटरमध्ये पेट्रोलच्या मानाने तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. ई10 आणि ई20 ची तुलना केली तर लीटरमागे साधारण साडेतीन टक्के ऊर्जा कमी.

सरांकडे डायरी होती, गणिताचे सर असल्याचा हा फायदा. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, परत फुल करायची. ई10 च्या काळातल्या नोंदींची सरासरी 17.2 निघाली, गेल्या काही महिन्यांची 16.4. 17.2 मधून साडेतीन टक्के वजा केले तर 16.6. म्हणजे पडलेलं जवळजवळ सगळं ॲव्हरेज इथेनॉलच्या खात्यावर, वरचं 0.2 टायरची हवा, पाऊस, एसी कशातही जाईल. नीती आयोगाच्या 2021 च्या रोडमॅपमध्ये मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10 ला ट्यून केलेल्या चारचाकींना ई20 वर सहा-सात टक्के घट सांगितलीय आणि ई10 साठी बनवून ई20 ला ट्यून केलेल्यांना एक-दोन टक्के. सरांची गाडी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसली, आणि त्यांची तुलना ई10 शी होती, शुद्ध पेट्रोलशी नाही, हे पण लक्षात घ्या.

पण सर मला सुरुवातीला "चौदावर आलं" म्हणाले होते, डायरीतलं 16.4 नाही. तो आकडा मीटरच्या डिस्प्लेवरचा होता. बऱ्याच गाड्यांत डिस्प्लेवरचं ॲव्हरेज इंजेक्टर किती वेळ उघडा होता त्यावरून काढलेलं असतं. प्रेशर पडलंय हे त्या हिशोबाला माहीतच नाही, त्याला वाटतं इंजेक्टर जास्त वेळ उघडा म्हणजे पेट्रोल पण जास्त गेलं. त्यामुळे घाटात डिस्प्ले उगाच घाबरवत होता. आणि त्या आकड्यावर सरांनी अख्ख्या स्टाफरूमला इथेनॉलवर भाषण दिलं होतं! फिल्टर बदलल्यावर डिस्प्ले आपोआप सोळाच्या वर आला, डायरीत मात्र 16.5, म्हणजे होतं तिथेच. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पैसे खर्च केले, लाइट गेली, घाटात गाडी मोकळी ओढायला लागली, पण पंपावरचं बिल तेवढंच.

"मग त्या बाटल्या मिळतात ना, इथेनॉल काढणाऱ्या, त्या टाकू का?" असं त्यांनी विचारलं. टाकीत मिसळलेलं इथेनॉल बाटलीतल्या कुठल्याही औषधाने नाहीसं होत नाही, त्याची ऊर्जा पण वाढत नाही. गंजविरोधी किंवा इंजेक्टर साफ करणारी औषधं असतात, त्यांचा उपयोग तेवढ्यापुरता. ते साडेतीन टक्के परत येणार नाहीत, आपल्याच भागातल्या उसाला गेले असं समजा म्हटलं, त्यावर सर म्हणाले, "ऊस माझ्या भावाचा आहे, माझा नाही."

एक गोष्ट मात्र ट्रिमवरून कळत नाही आणि ती मी सरांना वेगळी सांगितली. ट्रिम सात आहे म्हणजे मिश्रण बरोबर लागतंय एवढंच. 2014 च्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि ओरिंग वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत, ई20 चालणारं मटेरियल नवीन गाड्यांत आलं ते 2023 च्या एप्रिलपासून. रबर फुगलं, मऊ पडलं किंवा तडकलं तर स्कॅनर काही बोलत नाही, ते नाकाला आणि डोळ्यालाच कळतं. म्हणून इंजेक्टर रेलचे ओरिंग आणि इंजिनजवळची पेट्रोलची होज हाताने दाबून, वाकवून बघितली. ओरिंग ठीक होते, होजला क्लिपजवळ बारीक भेगा दिसल्या, गळती नव्हती, पण ती बदलून टाकली, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. दर सर्व्हिसिंगला हे बघायचं आणि सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर स्टार्टर मारायच्या आधी फोन करायचा, असं सांगून ठेवलंय.

दिवाळीनंतर परत स्कॅन केला तेव्हा आयडलला +7, घाटातून नुकतीच उतरलेली असताना सुद्धा LTFT +8. स्क्रीनशॉट सरांच्या फोनवर पण टाकून दिलाय. आता ही ट्रिम सगळीकडे सारखीच दोन-चारने वरखाली झाली तर त्या वेळच्या पेट्रोलकडे बघायचं, आणि फक्त चढावर बारा-पंधराच्या पुढे जायला लागली तर गाडी घेऊन यायची, लाइट लागायची वाट बघायची नाही.